चार ओळी जास्त झाल्या म्हणे

सकाळपासून डोकं फिरलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो. आमच्या गावच्या दौडीचं कॅप्शन मी काल रात्री अकरा वाजेपर्यंत बसून लिहिलं होतं. रूट, फी, वयोगट, पैसे कुठं जाणार, सगळं. आज सकाळी पाहतो तर मंडळातल्या पोट्ट्यानं पोस्टर टाकलं, उगवता सूर्य, पळणारी दोन माणसं (गावातली नाहीत, नेटवरची), आणि खाली एकच ओळ: "एक धाव माणुसकीसाठी". माझं कॅप्शन गायब. काहून रे? तर म्हणे, "दादा, इतकं कोणी वाचत नाही."

कोणी वाचत नाही ना? मग दुपारपर्यंत मला एकोणीस फोन काहून आले? किती किलोमीटर, पोरगं बारा वर्षांचं आहे चालते का, टी-शर्ट भेटते का. आणि एका शहाण्यानं तर त्या पोस्टरखाली लिहूनच टाकलं, "पैसे खाण्याचे धंदे". मला आधी त्याचाच राग आला. मग वाटलं, त्याचं काय चुकलं? माणुसकी म्हणजे कोणाच्या खिशात, हे आपणच सांगितलं नाही.

खरं सांगतो, मला गेल्या वर्षीची ती आजी आठवली. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडून मी नावं लिहीत होतो. आजी नातवाला घेऊन आली. फी सरसकट दोनशे होती. तिनं लुगड्याच्या गाठीतून दहा-दहा, वीस-वीसच्या नोटा काढल्या आणि टेबलावर एकेक सरळ करून ठेवल्या. बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. दोनशे रुपये म्हणजे किलोमागं दहानं वीस किलो कापूस, जवळपास अख्ख्या दिवसाची वेचणी. मग विचारलं, "बापू, हे पैसे जाते कुठी?" मी म्हटलं, सिकलसेलच्या लेकरांसाठी. "किती जाते?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "सगळेच." आजी म्हणाली, "बरं हाय. माया पोरीच्या पोरीले थेच हाय."

रात्री हिशोब मांडला. दोनशेतले टी-शर्टचे एकशे दहा, मेडलचे पस्तीस, नंबराचा कागद आणि पिनांचे दहा, पाणी-केळी-पोह्यांचे पंचवीस. उरले वीस. दोनशे बारा जण धावले, म्हणजे चार हजार दोनशे चाळीस रुपये. आजीच्या वीस किलो कापसातले दोन किलो सिकलसेलला आणि अकरा किलो सुरतेच्या कापडाला. मी तिला तोंडावर खोटं बोललो होतो, आणि मला ते माहीतही नव्हतं.

म्हणून यंदा मोठ्यांची फी दीडशे आणि त्यात टी-शर्ट नाही. ज्याला हवं त्यानं एकशे तीस वेगळे भरून आधी मागवावं. मेडलऐवजी छापील प्रमाणपत्र, पाच रुपयांचं. नंबर-पिना दहा, पाणी आणि केळी वीस. खर्च पस्तीस, उरतात एकशे पंधरा. बक्षिसं दोन दुकानदारांनी उचलली आहेत, त्याला फीचा पैसा लागत नाही. हो, टी-शर्ट नसला की फोटो फिके येतात, लोकही थोडे कमी येतील, हे मान्य. येऊ द्या.

आता हे एकशे पंधरा जाणार कुठं? औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, त्यासाठी आपल्या दौडीची गरज नाही. अडतं ते तिथपर्यंत पोहोचण्याचं. लेकराला जिल्ह्याच्या गावी न्यायचं तर फाट्यापर्यंत ऑटो, पुढं गाडी, दुपारचं खाणं, आणि सोबत जाणाऱ्या मायचा बुडालेला रोज. रोज सोडला तरी एका खेपेला आमच्या गावातून साडेतीनशे लागतात. त्यापायी तारीख चुकते, गोळ्या संपतात, आणि मग एका रात्री लेकरू हातपाय दुखून तळमळते. गेल्या वर्षीच्या पैशात बारा खेपा झाल्या. यंदा मोठे दीडशेच जण आले तरी एकोणपन्नास होतात. "माणुसकी" या शब्दात हे बसते का सांगा.

रूट सांगतो, फोन करू नका. जिल्हा परिषद शाळेचं मैदान, मारुतीचा पार, नाल्याचा पूल, मग पांदण रस्त्यानं सरळ आणि परत त्याच वाटेनं. पाच किलोमीटरवाले अडीचवर वळतील, दहावाले पाचवर. डांबरी रस्त्यावर मुद्दाम जात नाही, जानेवारीत पहाटे धुकं असते आणि कापसाच्या गाड्या जिनिंगला निघालेल्या असतात. गेल्या वर्षी मोटरसायकलच्या काट्यावर अंतर मोजलं होतं, दहाचे नऊ-दोन निघाले आणि पोलीस भरतीच्या पोरांनी मला धुतलं. यंदा सायकलच्या चाकाला चिंधी बांधून फेरे मोजलेत. दोनदा. पाणी दर अडीच किलोमीटरवर.

वयोगटाचं पुन्हा तेच रडगाणं. वय दौडीच्या दिवशी पूर्ण झालेलं धरणार, आधार कार्ड आणा. सोळाच्या आतले तीन किलोमीटर, फी पन्नास. सोळा ते पंचेचाळीस आणि पंचेचाळीस ते साठ यांना पाच किंवा दहा, बाया-माणसांची बक्षिसं वेगळी. बरोबर पंचेचाळीसचा माणूस वरच्या गटात, वाद नको. साठच्या वर फुकट. गेल्या साली मिशा फुटलेला एक गडी सोळाच्या आत धावून पहिला आला, आणि आजीचा नातू बिचारा चौथा. मला तेव्हा आधार मागायचं सुचलं नाही.

आणि एक ओळ, जी पोस्टरवर असायलाच पाहिजे होती. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे सिकलसेल तपासणीच्या कार्डावर एसएस आहे, त्यानं धावू नये. पहाटेची थंडी, अंगातलं कमी झालेलं पाणी आणि लागलेली धाप, या तिन्हींनी दुखणं उठू शकते. ज्याच्या कार्डावर एएस आहे, म्हणजे जो नुसता वाहक आहे, त्यानं खुशाल धावावं, पण आदल्या दिवसापासून पाणी प्यावं, सुरुवातीलाच सुसाट सुटू नये, आणि मांड्या किंवा कंबर विचित्र भरून आली तर तिथंच थांबावं. दम खाऊन पुढं रेटू नये. फॉर्ममध्ये हा प्रश्न टाकला आहे, लाजून "नाही" लिहू नका. ज्यांच्यासाठी दौड, त्यांनाच दवाखान्यात टाकायचं नाही मला.

पोट्ट्यावर मघाशी जरा जास्तच ओरडलो. पोस्टर त्यानं फुकटात केलं, रात्रभर जागून. मघा त्याला आजीची गोष्ट सांगितली, तो गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, पण इतका मजकूर पोस्टरवर मावत नाही." मी म्हटलं, सूर्य लहान कर.

दौड जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, पहाटे साडेसहा. फॉर्म शाळेत आणि माझ्या घरी. हिशोब त्याच संध्याकाळी शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहीन, किती आले, किती गेले. आजीला वाचता येत नाही, तिला मी स्वतः सांगायला जाणार आहे.