‘बाबा दुबईला आहेत’ हे सांगणं मी का सोडलं

प्रतिक्रिया :
“ताई, लेख वाचून वाईट वाटलं. सात वर्षांच्या मुलीला ‘बाबा आता आपल्याबरोबर राहणार नाहीत’ असं तोंडावर सांगायची काय गरज होती? मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. अशा मुलांना ‘बाबा परगावी नोकरीला आहेत’ एवढं पुरतं, मोठी झाली की त्यांचं त्यांना कळतं. आणि निदान ‘बाबांचं तुझ्यावर खूप प्रेम आहे’ एवढं तरी म्हणायचं होतं. तेही नाही. हा खरेपणा मुलीसाठी आहे की तुमच्या रागासाठी?”

उत्तर :

काकू, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त लागला, म्हणून तोच आधी घेते. राग आहे. तीन वर्षं झाली तरी आहे. म्हणूनच तिच्याशी बोलायच्या आधी मी प्रत्येक वाक्य वहीत लिहून पाहिलं आणि त्याला एकच कसोटी लावली : मी हे बोलत असताना तिचे बाबा दारात येऊन उभे राहिले, तर मला ते अर्ध्यावर गिळावं लागेल का? ‘ते आपल्याला टाकून गेले’ हे वाक्य तिथेच गळलं. ‘ते आता दुसऱ्या घरी राहतात’ हे टिकलं. वहीचं पान भरलं होतं, त्यातली तीन वाक्यं उरली.

परगावच्या नोकरीचं म्हणाल, तर तो रस्ता मी आधी चालून आले आहे. ती साडेचार वर्षांची असल्यापासून दीड वर्ष मी ‘बाबा दुबईला आहेत’ हेच सांगत होते. गच्चीवरून विमान दिसलं की ती हात हलवायची. पण अशी गोष्ट एकदा सांगून भागत नाही, तिला रोज टेकू द्यावा लागतो. व्हिडिओ कॉल का करत नाहीत? दिवाळीला का आले नाहीत? वर्गातल्या एका मुलाचे बाबा खरंच तिकडे होते आणि तो चॉकलेटं वाटायचा. शेवटी एकदा मी इथल्या, इंदूरच्या छप्पन दुकानवरून चॉकलेटांचा डबा आणला आणि ‘बाबांनी पाठवला’ म्हणून तिच्या हातात ठेवला. त्या डब्याची मला आजही लाज वाटते.

मग गणपतीत नातेवाइकांकडे आरतीला गेलो असताना आठ वर्षांच्या एका भावंडाने तिला सांगून टाकलं, “तुझे बाबा दुबईला नाहीतच. पुण्यात आहेत. माझ्या आईला भेटले होते.” ती घरी आली, जेवली, झोपली. मला काही विचारलं नाही. त्यानंतर कित्येक महिने तिने बाबांचं नावच काढलं नाही आणि मी मूर्खासारखी समजले की विसरली. तुम्ही म्हणता तसं तिचं तिला कळलंच होतं. पण त्याबरोबर हेही कळलं होतं की या विषयावर आई खोटं बोलते. मग विचारायचं कुणाला?

त्या महिन्यांत काय बदललं ते मला उशिरा दिसलं. ती फार शहाणी झाली. कारल्याची भाजीसुद्धा न कुरकुरता संपवायची, चपला ओळीत लावायची. रोज झोपताना विचारायची, “आज मी नीट वागले ना?” आजी कौतुक करायची. रविवारी संध्याकाळी पोटात दुखायचं. बालरोगतज्ज्ञांनी दोनदा तपासलं, काही निघालं नाही.

कोडं सुटलं ते भुट्ट्याच्या किसामुळे. पावसाळ्यातली संध्याकाळ होती. मी खाली बसून कणसं किसत होते आणि ती पानं काढून कणसाचे केस एकेक करून ओढत होती. अशा बोलण्याला समोरासमोर बसू नये, हातात काम असावं, हे मी तोवर शिकले होते. नजरेला नजर भिडली की मूल आपला चेहरा वाचतं आणि आपल्याला बरं वाटेल तेच बोलतं. मी काही सांगण्याआधी विचारलं, “बाबा आपल्याकडे का राहत नाहीत, तुला काय वाटतं?” आणि गप्प राहिले. खूप वेळ गेला. एक आख्खं कणीस किसून झालं. मग ती कणसाकडे बघतच म्हणाली, “मी रिमोट बादलीत टाकला म्हणून.”

काकू, मला तो रिमोट आठवतही नव्हता. चार वर्षांची असताना तिने टीव्हीचा रिमोट कपड्यांच्या बादलीत बुडवला होता, बाबा ओरडले होते आणि दोन दिवसांनी ते घर सोडून गेले. लहान मुलं पुष्कळदा दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की एकीमुळे दुसरी घडली असं धरून चालतात, आणि घडल्या गोष्टीच्या मध्यभागी स्वतःला ठेवतात. मोठ्यांनी कारण दिलं नाही की ती स्वतः कारण शोधतात, त्यात बहुधा गुन्हेगार तीच असतात. ते कारण त्यांना सोडवतही नाही, कारण त्यात आशा असते : माझ्यामुळे गेले असतील, तर मी नीट वागले की येतील. कारल्याची भाजी त्यासाठी खाल्ली जात होती. ‘परगावी नोकरी’ या उत्तराने या रिमोटला कधी हातच लागला नसता.

मग मी ती तीन वाक्यं सांगितली. “मी आणि बाबा एकत्र राहून फार भांडायचो, म्हणून आम्ही वेगळं राहायचं ठरवलं. बाबा पुण्यात राहतात आणि इथे राहायला परत येणार नाहीत. हे मोठ्यांमधलं आहे, तू केलेल्या कुठल्याही गोष्टीमुळे झालेलं नाही, रिमोटमुळेही नाही.” ‘तुझ्यामुळे नाही’ एवढं मोघम म्हणून पुरलं नसतं, तिच्या मनातल्या त्या वस्तूचं नाव घ्यावं लागलं. दुबईबद्दलही सांगितलं : “ते मी खोटं बोलले. तुला वाईट वाटेल म्हणून घाबरले होते. चुकलं माझं.” ती रडली, मग तिने विचारलं की रिमोटला किती पैसे पडले होते.

एक चूक माझ्याकडून तरीही झालीच. काही दिवसांनी तिने पुन्हा ‘का’ विचारलं आणि मी दमलेली होते, बोलून गेले, “त्यांना जबाबदारी नको होती.” ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “जबाबदारी म्हणजे मी ना?” मोठ्यांच्या तोंडचा साधा शब्द, पण त्या वाक्यात दुसरं कुणी बसूच शकत नव्हतं. मी लगेच दुरुस्त केलं, पण तो शब्द तिच्या कानातून जायला दोन-तीन आठवडे लागले. तेव्हापासून ‘का’ला माझं उत्तर ठरलेलं आहे : “भांडणाची कारणं आमची दोघांची आहेत. तू मोठी झालीस की विचार, मी सांगेन.” पैसे, कोर्ट, कोण काय म्हणालं, हे त्यात येत नाही. खरं सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं असं नाही. जे तिच्या रोजच्या जगण्यात दिसतं आहे, ते खोटं पाडायचं नाही, एवढंच मी धरलं आहे.

आता प्रेमाचं. हे वाक्य मी मुद्दाम टाळलं, आणि ते टाळणं सगळ्यात अवघड गेलं. तिने विचारलंच होतं, “मी बाबांना आवडते का?” जिथे वडील दर आठवड्याला फोन करतात, सुट्टीत नेतात, तिथे ‘त्यांचं तुझ्यावर प्रेम आहे’ हे म्हणावंच, ते मुलाला दिसतंही. माझ्या घरी एक वर्ष फोन नाही, वाढदिवसालाही नाही. अशा मुलीला मी म्हटलं की त्यांचं खूप प्रेम आहे, तर ती दोनपैकी एक काहीतरी शिकेल : आई पुन्हा दुबईसारखं बोलते आहे, किंवा प्रेम करणारी माणसं अशीच असतात, फोन करत नाहीत आणि येत नाहीत. दुसरं शिकली तर ते पुढे तिच्या आयुष्यात कुणाकुणाला लागू करेल, याची मला भीती वाटते. आणि ‘नाही आवडत’ हेही मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही आणि म्हणायचा हक्कही नाही.

म्हणून मी पाहिलेलं तेवढं सांगितलं. “तू दोन वर्षांची होतीस तेव्हा अनंत चतुर्दशीला बाबांनी तुला खांद्यावर बसवून गिरण्यांच्या मिरवणुकीतल्या झांक्या दाखवल्या. तू झोपलीस तरी खाली ठेवलं नाही. तेव्हा ते फार खूश होते, मी शेजारी होते. आत्ता त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. ते फोन करत नाहीत, ते त्यांचं चुकतं आहे. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही.” हे शेवटचं, ‘त्यांचं चुकतं आहे’, दारातल्या कसोटीला उतरतं का यावर मी बराच विचार केला. उतरतं. ते समोर असते तरी मी म्हटलं असतं.

घरात आजीची समजूत काढणं मुलीपेक्षा कठीण गेलं. तिचा खाक्या होता, ‘त्याचं नाव या घरात नको.’ पण नाव नको म्हटलं की मुलगी ते आजीपासून लपवायला लागते, आणि तिचं अर्धं नाक-डोळे त्याच माणसाचे आहेत. आता आम्ही दोघी तीच वाक्यं बोलतो. बाहेरच्यांसाठी तिला एक वाक्य दिलं आहे, “बाबा वेगळे राहतात,” आणि पुढे कुणी खोदलं तर “मला त्यावर नाही बोलायचं.” हे गुपित नाही, फक्त तिचं खासगी आहे, हा फरक तिला कळला. वर्गशिक्षिकांनाही मी हेच सांगून ठेवलं आहे. ‘माझं कुटुंब’च्या चित्रात कोण काढायचं ते त्यांनी तिच्यावर सोडलं. तिने बाबांना काढलं, कागदाच्या कडेला, वेगळ्या घरात.

हे सगळं माझ्या घरापुरतं आहे. जिथे मुलाने मारहाण पाहिली आहे, किंवा व्यसनाचा प्रश्न आहे, तिथे ‘आम्ही भांडायचो’ हे वाक्य खोटं ठरतं. तिथे आधी ‘तू आता सुरक्षित आहेस’ हे यावं लागतं आणि बालसमुपदेशकाची मदत घ्यावी. बोलूनही पोटदुखी, झोप उडणं, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं असं काही आठवडे चाललं, तरीही घ्यावी. आमची पोटदुखी कमी होत गेली, पण एका दिवसात थांबली असं नाही.

तुमची एक गोष्ट मात्र मी मानते. मूळ लेखात मी तिच्या वर्गाची तुकडी आणि वाढदिवस लिहिला होता, ते दोन्ही आज काढून टाकलं.

परवा मटार सोलताना तिने पुन्हा विचारलं, या वेळी वेगळं : “बाबांना माहीत आहे का, मला आता सायकल येते?” मी म्हटलं, “मला नाही वाटत. तुला कळवावंसं वाटतं का?” ती म्हणाली, “विचार करून सांगते.” अजून सांगितलेलं नाही.