सोयाबीनच्या तक्त्यातील मध्यक ६ का येतो?

वाचकांची प्रतिक्रिया: सर, लातूरच्या सोयाबीन संचातली तिन्ही उत्तरे पटली नाहीत. तक्त्यात ४ ते ९ असे सहा आकडे आहेत, म्हणजे मध्य ३९ भागिले ६, म्हणजे ६.५, मध्यकही ६ आणि ७ यांच्या मधला ६.५. सर्वांत मोठा आकडा ११, तर बहुलक ११ हवा. परीक्षेत वेळ नसताना एवढी लांब पद्धत कशाला?

उत्तर: नमस्कार. सरावासाठी रचलेला तो तक्ता पुन्हा समोर ठेवू.

| एकरी उत्पादन (क्विंटल) | शेतकरी | संचित वारंवारता |
|---|---|---|
| ४ | ४ | ४ |
| ५ | ११ | १५ |
| ६ | ९ | २४ |
| ७ | ८ | ३२ |
| ८ | ५ | ३७ |
| ९ | ३ | ४० |

येथे ओळी सहा असल्या तरी निरीक्षणे ४० आहेत, कारण ५ क्विंटल हा आकडा तक्त्यात एकदाच लिहिलेला असला तरी तो अकरा शेतकऱ्यांच्या वतीने उभा आहे. आपला ६.५ खरा मानला, तर प्रत्येकी एक एकर धरून ४० जणांचे एकूण उत्पादन २६० क्विंटल व्हायला हवे. प्रत्यक्षात प्रत्येक ओळीचा गुणाकार करून बेरीज केली, तर १६, ५५, ५४, ५६, ४० आणि २७ मिळून २४८ च भरतात. म्हणून मध्य २४८ भागिले ४०, म्हणजे ६.२.

वेळेची आपली अडचण रास्त आहे आणि तिच्यावर गृहीत मध्याचा उपाय आहे. ६ हा गृहीत मध्य धरला, तर वरच्या दोन ओळींतून उणे ८ आणि उणे ११, तर खालच्या तीन ओळींतून अधिक ८, १० आणि ९ मिळतात. बेरीज अधिक ८ येते. तिला ४० ने भागून येणारे ०.२ हे ६ मध्ये मिळवले की काम झाले. एवढे तोंडी जमते.

मध्यकासाठी शेतकऱ्यांना चढत्या उत्पादनाने रांगेत उभे करावे लागते. ४० ही संख्या सम असल्याने मधले दोघे म्हणजे २० वा आणि २१ वा. संचित वारंवारता १५ वर ५ क्विंटलवाले संपतात आणि १६ व्यापासून २४ व्यापर्यंत सगळे ६ क्विंटलवाले आहेत, म्हणून दोघेही त्याच ओळीत सापडतात आणि मध्यक ६ येतो. ६.५ हे उत्तरही येऊ शकले असते, पण ६ च्या ओळीत ९ ऐवजी ५ आणि ७ च्या ओळीत ८ ऐवजी १२ शेतकरी असते तर. मग संचित वारंवारता नेमकी २० वर थांबली असती, २० वा शेतकरी ६ वर आणि २१ वा ७ वर गेला असता. संच रचणारे ही जागा मुद्दाम निवडतात, म्हणून संचित वारंवारता बरोबर निम्म्यावर येते का, हे आधी पाहावे.

बहुलक ५ क्विंटल आहे. ११ ही शेतकऱ्यांची संख्या आहे आणि उत्पादनाच्या स्तंभात ती कोठेच नाही. एकक लिहून पाहिले की ही गफलत तिथल्या तिथे कळते.