एटीपीचे 30.5 किलोज्यूल

“एटीपीच्या शेवटच्या फॉस्फेट बंधात ऊर्जा साठवलेली असते. बंध तुटला की मोलमागे 30.5 किलोज्यूल बाहेर पडतात, पेशी कुठलीही असो.” (दादर-ठाण्याच्या क्लासच्या नोट्समधून व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर)

आधी आकडा. −30.5 हे मुक्त ऊर्जेतल्या बदलाचं, म्हणजे ΔG चं, प्रमाण मूल्य ΔG′° आहे; उणे चिन्ह म्हणजे ऊर्जा बाहेर पडते. त्याच्या अटी: पीएच 7, 25 अंश (मुंबईत एसी लावल्यावरचं तापमान), आणि एटीपी, एडीपी, फॉस्फेट प्रत्येकी 1 मोलर. 1 मोलर एटीपी म्हणजे लिटरला सुमारे अर्धा किलो. अशी पेशी नसते. खरी किंमत या सूत्राने काढायची:

ΔG = ΔG′° + RT ln Q, Q = [ADP][Pi]/[ATP]

पाणी आणि पीएच 7 प्रमाण मूल्यातच धरलेले असल्याने ते Q मध्ये घालायचे नाहीत.

माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत एटीपी साधारण 2.25, एडीपी 0.25 आणि फॉस्फेट 1.65 मिलीमोलर असतं. गाडी अडते ती इथेच. वर दोन संहती, खाली एक, म्हणून ‘मिली’ पूर्ण कटत नाही. आकडे तसेच घातले तर Q 0.18 येतो आणि उत्तर −35 च्या आसपास. असं उत्तर दिसलं की समजावं, मोलर करायचं राहिलं. मोलरमध्ये Q = 1.83 × 10⁻⁴, त्याचा ln −8.6. 37 अंशांना RT 2.58 किलोज्यूल, म्हणून दुसरं पद −22.2 आणि ΔG जवळपास −52.7. (प्रमाण मूल्य 25 अंशांचंच वापरलंय, पण त्याने फारसा फरक पडत नाही.)

आता ‘साठवलेली ऊर्जा’. बंध तोडायला ऊर्जा लागतेच. जमेची बाजू येते ती तयार होणारे रेणू पाण्यात जास्त स्थिर असल्यामुळे. पण त्याहून पक्का पुरावा Q मध्येच आहे. −30.5 वरून समतोल स्थिरांक सुमारे 1.4 × 10⁵ निघतो. Q तिथवर पोहोचला की ΔG शून्य: बंध तोच, रेणू तोच, काम मात्र काहीच नाही. रक्तपेशी Q ला त्या समतोलापासून सुमारे 75 कोटी पट दूर ठेवते, आणि त्यासाठी ग्लुकोज सतत वापरत राहते. ऊर्जा आहे ती या अंतरात.

‘पेशी कुठलीही असो’ हेही टिकत नाही. Q दहापट बदलला की ΔG 5.9 किलोज्यूलने सरकतो. स्नायूत तर मोजमापातच फसगत होते: आम्लाने स्नायूचा अर्क काढला की ॲक्टिन या प्रथिनाला चिकटलेलं एडीपीही त्यात येतं. मोकळं एडीपी त्याच्या मानाने फारच थोडं असतं. एकूण आकडा सूत्रात घातला तर Q फुगतो आणि स्नायू प्रत्यक्षाहून कमजोर दिसतो. म्हणून मोकळं एडीपी थेट न मोजता क्रिएटिन कायनेज या विकराच्या अभिक्रियेच्या समतोलावरून काढतात.