अनामत रकमेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

«विधिमंडळाच्या मंजुरीवाचून तिजोरीतून छदामही निघत नाही, असे आपण ठोकून दिले आहे. मग आमच्या जेट्टीच्या ठेकेदाराला अनामत परत मिळाली ती कुठल्या मंजुरीने? आकस्मिकता निधीला दोन ओळी दिल्यात, आणि 31 मार्चला पैसे काढून बँकेत ठेवतात त्यावर अवाक्षर नाही. लेखाशाखेत चहा पिऊन निवृत्त झालेल्यांकडून आणखी काय मिळणार?»

महोदय,

चहा मी प्यालो, हे कबूल. पण किनाऱ्यावरच्या एका कार्यालयाच्या लेखाशाखेत सत्तावीस वर्षे ठेव नोंदवही माझ्याच हाती होती, तेव्हा ‘ठोकून दिले’ हा शब्द आपण जरा जपून वापरायला हवा होता. माझ्या वाक्यात ‘एकत्रित निधीतून’ हा एक शब्द राहून गेला, तेवढी दुरुस्ती करतो. संविधानाच्या अनुच्छेद 266 मधली विनियोजनाच्या कायद्याची अट एकत्रित निधीपुरतीच, म्हणजे कर-कर्जातून येणाऱ्या सरकारच्या स्वतःच्या पैशापुरतीच आहे. त्याच अनुच्छेदातल्या लोकलेख्याला, म्हणजे सरकार इतरांचे पैसे सांभाळते त्या खात्याला, ती लागू नाही.

आता आपली जेट्टी. समजा, कामाचे देयक 10 लाखांचे झाले आणि त्यातून 5 टक्के अनामत कापली. ठेकेदाराच्या हाती साडेनऊ लाखच पडतात, पण मंजूर अनुदानावर खर्च पडतो तो पूर्ण 10 लाखांचा. उरलेले 50 हजार लोकलेख्यात ठेव म्हणून जमा दाखवतात. म्हणजे सरकार त्या पैशाचे मालक राहत नाही, राखणदार होते. दोषदायित्वाची मुदत संपल्यावर ते परत करताना नवा खर्च होतच नाही, आणि ज्या खर्चाला विनियोजन कायद्याने एकदा मान्यता दिली त्यासाठी पुन्हा सभागृहापुढे जायचे कशाला? निविदेसोबत ठेकेदाराने स्वतः भरलेली रक्कम तर मुळातच त्याची असते.

म्हणून ती वाटेल तशी निघते, असे मात्र नाही. मूळ जमेची नोंद सापडावी लागते, सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि परतावा त्या जमेसमोरच नोंदवावा लागतो. ही शेवटची नोंद राहिली की घोटाळा होतो. एकाच ठेवीच्या परताव्याचे दुसरे देयक माझ्या टेबलावर आले होते. आदेश, सही, शिक्का सगळे जागच्या जागी. पहिल्या परताव्याची नोंद जमेसमोर होती म्हणूनच ते अडले. त्या दिवशीचा चहा थंड झाला, हेही आपल्या माहितीसाठी.

आकस्मिकता निधीतून मिळतो तो अग्रिम. पुरवणी मागणी मंजूर करून घेऊन तो भरून द्यावा लागतो, आणि यासाठी दोन ओळी पुरतात. 31 मार्चचे म्हणाल तर अनुदान व्यपगत होऊ नये एवढ्यासाठी पैसे काढायला नियमांची मनाईच आहे. ती मोडणाऱ्यांचा जाब आपण माझ्याकडे का मागता, ते कळले नाही. आपल्या ठेकेदाराचे 50 हजार ज्या नोंदीवर सुटले, ती माझ्यासारख्याच कुणीतरी चहा पिता पिता केलेली असणार.