विकणारा नक्की काय म्हणाला होता? चॅट परत वाचा

सेकंडहँड फोनवरून भांडण लागलं की घेणारा हमखास म्हणतो, "त्याने चॅटमध्ये सांगितलं होतं." माझं मत स्पष्ट आहे : विकणाऱ्याला फोन लावण्याआधी ते चॅट पहिल्या मेसेजपासून वाचा. आपल्याला आठवतं ते बऱ्याचदा त्याचं वाक्य नसतं, त्याच्या उत्तरावरून आपण काढलेला अर्थ असतो.

माझ्या मामेभावाने नुकताच आयफोन १२ घेतला. घरी आणून Settings मध्ये General, मग About उघडलं, तर डिस्प्लेपुढे Unknown Part लिहिलेलं. म्हणजे डिस्प्ले बदललेला, आणि तो अस्सल असल्याची खात्री फोनलाच पटत नाही. भाऊ तापला. "डिस्प्ले ओरिजिनल आहे असं तो म्हणाला होता!" मी म्हटलं, दाखव कुठे म्हणाला ते.

सगळ्या चॅटमध्ये 'ओरिजिनल' हा शब्द एकदाच सापडला, आणि तो भावानेच लिहिलेला होता : "डिस्प्ले ओरिजिनल आहे ना? फेस आयडी चालतो ना?" त्यावर उत्तर : "हो दादा चालतो, डिस्प्लेवर एक स्क्रॅच नाही." आता हे नीट वाचा. 'चालतो' हे फेस आयडीबद्दल आहे. स्क्रॅच नाही, हेही खरंच होतं. बदललेल्या डिस्प्लेवर कुठून असणार? मूळ प्रश्नाला उत्तर मिळालेलंच नाही. पण सुरुवातीचा 'हो' भावाने दोन्ही प्रश्नांना लावून घेतला. एका मेसेजमध्ये दोन प्रश्न विचारले की हे असं होतं, आणि सोयीच्या प्रश्नाला उत्तर देऊन पुढे सरकणाऱ्याला ते चांगलं माहीत असतं.

पुढचं वाक्य याहून बारीक होतं. "माझ्याकडे आल्यापासून एकदाही उघडलेला नाही." भावाच्या डोक्यात 'फोन कधीच उघडलेला नाही' एवढंच राहिलं. पण विकणाऱ्याने हमी दिली ती फक्त स्वतःच्या काळाची. बिलाचा फोटो त्याच चॅटमध्ये होता आणि त्यावर नाव तिसऱ्याच माणसाचं होतं. त्याच्या आधीच्या मालकाने फोनचं काय केलं याबद्दल विकणारा अवाक्षर बोललेला नाही.

मग बॅटरी. "बॅटरी हेल्थ ८९ आहे." हे त्याचं स्वतःचं वाक्य, आकडा देऊन लिहिलेलं, 'बहुतेक' नाही की 'माझ्या माहितीप्रमाणे' नाही. हातात आलेला फोन ८१ दाखवत होता. मेसेज आणि व्यवहार यांत चार दिवसांचं अंतर. चार दिवसांत आठ टक्के उतरत नाहीत. म्हणजे ज्यावरून भाऊ भांडायला निघाला होता तो दावा चॅटमध्ये नव्हताच, आणि ज्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं तो स्पष्ट लिहिलेला होता आणि खोटा होता.

विकणारा साधा होता असं मी मुळीच म्हणत नाही. डिस्प्लेचा प्रश्न त्याने टाळला हे मला सरळ दिसतं. पण टाळणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १७ साधारणपणे असंच सांगतं की नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. त्याला अपवाद आहेत, पण ते सिद्ध करणं सोपं नाही. शिवाय About उघडून बघायला व्यवहाराच्या वेळी अर्धं मिनिट लागलं असतं, हा मुद्दा समोरचा काढणारच. आकडा देऊन केलेल्या खोट्या दाव्याला मात्र अशी पळवाट काढणं अवघड असतं.

म्हणून भावाने फक्त बॅटरीचा तो मेसेज कोट करून रिप्लाय दिला आणि खाली ८१ चा स्क्रीनशॉट टाकला. 'फ्रॉड', 'पोलिस' असलं काही लिहिलं नाही. थोडी खळखळ झाली, पण बॅटरी बदलण्याइतके पैसे परत आले. डिस्प्लेचे आले नाहीत, आणि ते मागायला चॅटमध्ये आधारही नव्हता.

चॅट वाचताना कॉलच्या नोंदीही बघा. "बोललो ना फोनवर" असा मेसेज आला की तिथे काय ठरलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. कॉल संपल्याबरोबर "तुम्ही म्हणालात की डिस्प्ले बदललेला नाही, बरोबर?" एवढं लिहून पाठवायचं. त्यावर नुसता अंगठा आला तर मी तो होकार धरत नाही, पुन्हा विचारते. Edited दिसत असलेल्या मेसेजमध्ये आधी काय होतं तेही विचारते. विक्रीची जाहिरात व्यवहारानंतर बऱ्याचदा काढून टाकली जाते, आणि सगळ्यात मोठे दावे तिच्यातच केलेले असतात, त्यामुळे तिचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी घ्या.

पैसे देण्याआधी एकेक प्रश्न वेगळ्या मेसेजमध्ये पाठवा : डिस्प्ले कधी बदललाय का, तुमच्याआधी फोन कुणाकडे होता, पाणी गेलं होतं का. आणि ज्या प्रश्नाला "येऊन बघा ना दादा" असं उत्तर येईल, ती गोष्ट जाऊन बघेपर्यंत खराब आहे असं धरूनच भाव करा.