आत्याचं फेरीटिन ४१० आलं, त्यात लॅबची चूक नव्हती

"हिमोग्लोबिन कमी म्हणजे अंगात लोहच नाही. रोज लोहाच्या दोन गोळ्या आणि भिजवलेले काळे मनुके घ्या, महिन्यात हिमोग्लोबिन १२. फेरीटिन जास्त आलं तर लॅबची चूक समजा. संधिवाताच्या गोळ्या रक्त खातात, त्या आधी बंद करा."

हा मेसेज तासगावच्या आमच्या आत्याकडे पोचला आणि तिने तो अक्षरशः पाळला. पाच आठवड्यांनी ती सांगलीला आली, तेव्हा सकाळी नऊ वाजता तिला मनुक्याच्या डब्याचं झाकण उघडता येत नव्हतं. मी स्वतः लॅबमध्ये काम करते, त्यामुळे चूक कुणाची हे जरा सांगतेच.

आत्याला आठ वर्षं आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, आहे. गोळ्या सोडण्याआधीचा तिचा रिपोर्ट असा होता: हिमोग्लोबिन ९.४, रक्तातलं लोह २८, लोह वाहून नेण्याची रक्ताची क्षमता सांगणारं टीआयबीसी २३०, लोहाचा साठा दाखवणारं फेरीटिन ४१०, अंगातली सूज दाखवणारं सीआरपी ४८. आता खरंच लोह संपलेल्या बाईचा रिपोर्ट आठवा. तिथेही रक्तातलं लोह कमीच असतं, पण फेरीटिन पंधरा-वीसच्या आसपास घसरलेलं असतं आणि टीआयबीसी चारशेच्या वर जातं, कारण शरीर लोह उचलायला जास्त गाड्या सोडतं. आत्याच्या रिपोर्टमध्ये गाड्याही कमी आणि कोठारही भरलेलं. फेरीटिन सुजेमुळेही वाढतं हे खरं, पण चारशेच्या वर असताना कोठार रिकामं असण्याची शक्यता फार कमी.

मग लोह अडकलं कुठे? रोज जुन्या तांबड्या पेशी मोडून साधारण २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत वापरात येतं. आतड्यातून येतं फक्त एक-दोन मिलिग्रॅम. म्हणजे आपलं रक्त मुख्यतः जुन्याच लोहावर चालतं. मोडतोडीचं हे काम प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज पेशी करतात, आणि लोह बाहेर सोडायला त्यांना फेरोपोर्टिन नावाचं एकच दार असतं. सूज असली की इंटरल्युकिन-६ हा सुजेचा निरोप नेणारा रेणू यकृताला हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवायला लावतो. हेप्सिडिन त्या दाराला चिकटतं आणि पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. तासगावात कोल्ड स्टोरेज बेदाण्यानं गच्च भरलंय, पण गेट बंद, तर सौद्याला माल येणार कुठून? रक्त बनवणारी अस्थिमज्जा तशीच ताटकळत बसते.

हे मी मनाचं सांगत नाही. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला असं संपवतं हे नेमेथ, गांझ आणि सहकारी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी त्यांनी निरोगी माणसांना इंटरल्युकिन-६ दिलं, तर काही तासांतच हेप्सिडिन वाढलं आणि रक्तातलं लोह उतरलं. त्या माणसांच्या खाण्यात काहीच कमी नव्हतं.

आता गोळ्यांचं. आतड्याच्या पेशीतही दार तेच, फेरोपोर्टिनच. ते बंद असताना गोळीतलं लोह पेशीत शिरलं तरी पलीकडे रक्तात फारसं जात नाही. ती पेशी तीन-चार दिवसांत गळते आणि लोह शौचावाटे बाहेर. आत्याला मिळालं काय, तर काळी शौच आणि बद्धकोष्ठ. मनुके खाऊ देत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

सगळ्यात राग आला तो शेवटच्या सल्ल्याचा. त्यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. आत्याचं संधिवाताचं औषध मेथोट्रेक्सेट अस्थिमज्जा दाबू शकतं, म्हणूनच सोबत फोलिक अॅसिड देतात आणि ठरावीक काळाने रक्त तपासतात. पण तसं झालं असतं तर बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही उतरल्या असत्या, किंवा तांबड्या पेशींचा आकार सांगणारं एमसीव्ही वाढलं असतं. आत्याच्या प्लेटलेट्स ४ लाख ६० हजार, म्हणजे सुजेमुळे उलट वाढलेल्या, आणि एमसीव्ही ८४. औषध रक्त खात नव्हतं. सूज खात होती, आणि औषध निदान तिला आवरत होतं. ते सोडल्यावर सीआरपी ७१ आणि हिमोग्लोबिन ८.७ झालं. वर दोन्ही मनगटं टम्म सुजलेली.

"आगं, एवढ्या लोकांनी पाठवलंय, ते खोटं कसं असंल?" आत्या म्हणाली. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि सीआरपी आणि हिमोग्लोबिनवर बोट ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

एक मात्र खरं. आमवात आणि लोहाची खरी कमतरता दोन्ही एकत्र असू शकतात, विशेषतः पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांत किंवा वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होणाऱ्यांत. सूज असताना फेरीटिन तीस ते शंभरच्या मध्ये आलं तर डॉक्टर हा विचार करतातच, आणि अशा माणसाला लोह लागतंही. आत्या त्यातली नव्हती.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या बंद केल्या आणि मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू केलं, आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांनी सीआरपी ११, हिमोग्लोबिन १०.६. लोहाची एकही गोळी न घेता. परवा तिने डबा स्वतः उघडून मनुके माझ्यापुढे केले.