इंजिनिअरिंगमधून धर्म-अभ्यासाच्या पीएचडीकडे: एसओपीत नेमकं काय लिहावं

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत धर्म-अभ्यासाच्या, म्हणजे रिलिजस स्टडीजच्या, पीएचडीचे अर्ज डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मागवतात. त्यामुळे इंजिनिअरिंग करून इकडे वळू पाहणाऱ्यांचे एसओपीचे, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पजचे, मसुदे सध्या फिरू लागले असतील. त्यातल्या बऱ्याच मसुद्यांचं पहिलं वाक्य असं असतं: 'विज्ञान आणि अध्यात्म यांचा संगम मला लहानपणापासून खुणावत आला आहे.' हे वाक्य काढून टाका. ते खोटं असतं असं नाही. पण निवड समितीला त्यातून तुम्ही कशाचा अभ्यास करणार, हेच कळत नाही. शिवाय धर्माचं सत्य शोधणं हे या विभागांचं कामच नाही. माणसं धर्म कसा जगतात, ग्रंथ कसे घडतात, परंपरा काय जपते आणि काय टाकते, हा त्यांचा विषय.

एक उदाहरण घेऊ. अर्जदार सिव्हिल इंजिनिअर आहे आणि त्याला महानुभाव पंथावर काम करायचं आहे. 'महानुभावांचं तत्त्वज्ञान' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा घडतो: चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, त्या जागा स्थानपोथी या पंथाच्या ग्रंथात दिशा, दारं, आसपासची देवळं सांगत नोंदवल्या आहेत. अशा जागांवर पंथाने ओटे बांधून त्या पूज्य मानल्या. मग मूळ इमारत पडली, गाव सरकलं, तेव्हा 'हीच ती जागा' हे कोणी ठरवलं आणि कशाच्या आधारावर? ग्रंथ, परंपरा आणि जमीन यांचं पटेना, तेव्हा कोणाचं ऐकलं गेलं? रिद्धपूरसारखं एकच गाव धरून हे तपासता येतं.

या प्रश्नात दोन गुण आहेत. एक, त्याला साधनं आहेत: ग्रंथ, पोथ्या, आजची स्थानं, तिथले लोक. दोन, महानुभावांचं नावही न ऐकलेल्या प्राध्यापकालाही तो कळतो. बौद्ध स्तूपांवर किंवा जेरुसलेमच्या यात्रास्थळांवर काम करणाऱ्यालाही पवित्र जागा कशी ठरते हाच प्रश्न पडलेला असतो. समितीत तुमच्या विषयाचा माणूस बहुधा एकच असतो, म्हणून हा दुवा दोन वाक्यांत तुम्हीच जोडून द्यायचा.

आता इंजिनिअरिंगचं काय करायचं? हजार शब्दांच्या एसओपीत त्याला एक परिच्छेद, फार तर सव्वाशे शब्द. माफी नको आणि 'तर्कशुद्ध विचार शिकलो' हेही नको, कारण ते कोणीही लिहितो. या अर्जदाराला जमिनीची मोजणी येते, जुना नकाशा आणि आजची जागा ताडून बघता येतात. प्रश्नाला त्याचा उपयोग आहे, म्हणून ते लिहावं. थर्मोडायनॅमिक्समधले मार्क लिहू नयेत. संगणकवाल्यांची चूक उलटी असते. ते 'हजारो पानांवर टेक्स्ट मायनिंग करीन' म्हणतात आणि त्यातून काय शोधायचं हे राहूनच जातं.

समितीची खरी शंका वेगळी असते: या माणसाला मूळ ग्रंथ वाचता येतो का, आणि वीस पानं युक्तिवाद करता येतो का? गुणपत्रिकेत मानव्यविद्यांचा एकही विषय नसला, तर याचं उत्तर एसओपी आणि रायटिंग सॅम्पललाच द्यावं लागतं. इथे मराठी अर्जदार हमखास फसतो. 'मराठी माझी मातृभाषा' एवढ्याने यादवकालीन गद्य वाचता येतं असं सिद्ध होत नाही. लीळाचरित्राचा कोणता भाग, कोणाकडे, किती महिने वाचला ते लिहा. पंथाच्या अनेक पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत आहेत. ती येत नसेल तर येत नाही म्हणा आणि कुठे शिकणार ते सांगा. संस्कृतचंही तसंच. रायटिंग सॅम्पल याच प्रश्नाजवळचं हवं. बी.ई.चा प्रोजेक्ट रिपोर्ट चालत नाही.

आणि दाखवण्यासारखं यातलं काहीच नसेल, तर यंदा पीएचडीऐवजी एम.ए.चा अर्ज करा, असंच माझं मत आहे. दोन वर्षांत भाषा, लेखन आणि तुमचं लेखन वाचलेल्या शिक्षकांची शिफारसपत्रं, तिन्ही हाती येतात. कंपनीतल्या मॅनेजरचं पत्र इथे फारसं उपयोगी पडत नाही.

घर महानुभाव असेल तर ते लपवू नका, पण त्याला दोनच वाक्यं द्या: त्यामुळे कुठे प्रवेश मिळतो, आणि कुठे प्रश्न विचारणं अवघड जातं. आजोबांच्या आठवणींसाठी अनेक विद्यापीठं वेगळं पर्सनल स्टेटमेंट मागतात, त्या तिथे लिहा.

शेवटचा परिच्छेद विद्यापीठागणिक बदलतो. दोन-तीन प्राध्यापकांची नावं घ्या, पण 'त्यांचं काम प्रेरणादायी आहे' असं लिहू नका. त्यांच्या कोणत्या मांडणीला तुमचा प्रश्न भिडतो ते लिहा. त्याआधी विभागाच्या पानावर ते निवृत्त झालेत का ते बघा आणि यंदा विद्यार्थी घेणार का, हे ईमेल करून विचारा. नाव बदलून तोच परिच्छेद दुसऱ्या विद्यापीठाला पाठवता येत असेल, तर तो अजून लिहून झालेला नाही.